८४ वर्षांच्या आजींच्या औषधांचा आढावा, काही गोळ्या बंद करण्याबद्दल

नमस्कार डॉक्टरसाहेब,

तुमच्या पेशंट आजींना परवा ओपीडीत बघितलं. वजन ४१ किलो, चालायला वॉकर, अंघोळीला सुनेची मदत, आणि तीन महिन्यांत दोनदा पडल्यात, दोन्ही वेळा रात्री बाथरूमला जाताना. सुनेने पिशवी टेबलावर रिकामी केली तर १२ औषधं निघाली. त्यातली निम्मी आमच्याच स्पेशालिस्ट मंडळींनी लिहिलेली आहेत, त्यामुळे हा दोष तुमच्याकडे ढकलत नाहीये.

मला यात एक साखळी दिसते. अॅम्लोडिपिनने घोटे सुजले, सुजेसाठी फ्युरोसेमाइड आलं, त्याने लघवीची घाई वाढली म्हणून ऑक्सिब्युटिनिन, आणि त्यानंतर तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता, संध्याकाळचा गोंधळ, मग पोट साफ होण्याचं औषध. इको नॉर्मल आहे, हार्ट फेल्युअर नाही, पोटॅशियम ३.२. झोपून बीपी ११८/६४, उभं राहून तीन मिनिटांनी ९२/५४ आणि आजी म्हणाल्या "डोळ्यापुढे अंधारी आली".

सगळं एकदम थांबवू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. फक्त ग्लिमेपिराइड आजच बंद करा, एचबीए१सी ६.१ आहे आणि जेवण अर्धी पोळी, शुगर रात्री कधी खाली जाईल सांगता येत नाही. या वयात, या तब्येतीत एचबीए१सी ८ च्या आत असलं तरी पुरे. मेटफॉर्मिन राहू द्या, किडनी ठीक आहे.

आठवड्याने अॅम्लोडिपिन बंद, मग दोन आठवड्यांनी फ्युरोसेमाइड, तेव्हा वजन आणि दम बघा. लघवीची घाई कमी झाली की ऑक्सिब्युटिनिनही काढा. बीपी सतत १५० च्या वर राहिलं तर मला फोन करा, दुसरं काहीतरी कमी डोसमध्ये बघू.

अॅस्पिरिनही नको. अॅटॅक नाही, स्टेंट नाही, स्ट्रोक नाही, आणि हिमोग्लोबिन ९.८. पँटोप्राझोल चार वर्षांपूर्वी गुडघ्याच्या पेनकिलरसोबत सुरू झालं, पेनकिलर कधीच गेलं आणि हे राहिलं. अॅस्पिरिन थांबल्यावर ४० चं २० करा, महिनाभराने बंद. मधे जळजळ परत उसळेल, ती थोडे दिवसच असते हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. बी१२ पण तपासा.

क्लोनाझेपाम ०.५ सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू. महिनाभर ०.२५, मग त्याची अर्धी गोळी महिनाभर, मग बंद. झटक्यात थांबवलं तर फिट येऊ शकते. आजींची खरी हरकत याच गोळीवर आहे, "झोपेची तेवढी ठेवा हो", त्यामुळे त्यांना पटेपर्यंत घाई नको.

थायरॉइडची गोळी आणि पॅरासिटामॉल चालू ठेवा. स्टॅटिनचं पुढच्या भेटीत मुलाशी बोलून ठरवू.

घरी उभं राहून बीपी आणि उपाशीपोटी शुगर लिहून ठेवायला सुनेला सांगितलंय, वही तुमच्याकडे दर आठवड्याला येईल. आजींना तुम्ही जास्त ओळखता, एखादी गोळी का सुरू केली होती याचं कारण माझ्याकडून सुटलं असेल तर थांबवायच्या आधी नक्की कळवा. सहा आठवड्यांनी परत बघतो.

आपला,
वृद्धरोग ओपीडीचा डॉक्टर