विषय: तुमची राणी रंगाची पैठणी आणि रिफंडची विनंती

नमस्कार स्मिताताई,

काल आमच्याकडून तुम्हाला दोन ओळींचं उत्तर आलं: मुदत संपली आहे, रिफंड मिळणार नाही. त्याऐवजी हे पत्र आमचं उत्तर समजावं. निर्णय बदललेला नाही, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना उगाच आशा लागून राहायला नको. पण तो कशाच्या आधारावर घेतला आणि अजूनही तुमच्या हातात काय आहे, हे तुम्हाला नीट कळायला हवं.

तुमचा २६ नोव्हेंबरचा मेसेज मी पूर्ण वाचला. लेकीच्या साखरपुड्यासाठी तुम्ही ही साडी घेतली, आणि नंतर कळलं की मुलाकडचेही राणी रंगाचीच पैठणी आणताहेत. त्याच सुमारास सासूबाई दवाखान्यात होत्या, म्हणून पार्सल उघडायलाही उशीर झाला. यातल्या कशावरही आम्ही शंका घेतलेली नाही आणि कसला पुरावाही मागत नाही. दवाखान्याचे कागद पाठवू का, असं तुम्ही विचारलंत. त्याची काही गरज नाही.

आता तारखा. साडी ३ नोव्हेंबर २०२५ ला तुमच्या सोसायटीच्या गेटवर दिल्याची नोंद आहे. पैसे परत हवे असतील तर आमची मुदत साडी मिळाल्यापासून १० दिवसांची, म्हणजे १३ नोव्हेंबरपर्यंत. ऑर्डर देताना पैसे भरण्याआधीच्या पानावर ती लिहिलेली असते आणि बिलाच्या मागेही छापलेली आहे. पार्सल दोन दिवस वॉचमनकडे होतं असं तुम्ही म्हणालात, म्हणून मी ५ तारखेपासून मोजून पाहिलं. तरी मुदत १५ ला संपते. साडी आमच्याकडे कधी पोचली हे आम्ही धरत नाही, ग्राहकाने पहिल्यांदा कधी कळवलं तोच दिवस धरतो. त्यासाठी व्हॉट्सॲप, ईमेल आणि दुकानातली फोनची वही, तिन्ही तपासली. २६ तारखेच्या आधीचं तुमचं काही सापडलं नाही. तुम्ही १५ तारखेच्या आत फोन किंवा मेसेज केलेला असेल, तर त्याचा स्क्रीनशॉट पाठवा. तो दिवस धरून रिफंड देऊ, पुन्हा काही विचारणार नाही.

दहाच दिवस का, हेही सांगायला हवं. हातमागावरच्या साडीचे पैसे आम्ही विणकराला दोन भागांत देतो. पहिला साडी हातात आल्यावर आणि दुसरा परतीची मुदत संपली की. तुमच्या साडीचा दुसरा भाग १४ नोव्हेंबरला दिला गेला. हे तुमच्यावर ओझं टाकायला लिहीत नाहीये, त्या देण्याघेण्याशी तुमचा काही संबंध नाही. पण ही तारीख आम्ही मनाला येईल तशी ठरवलेली नाही आणि तिच्यानंतर परत द्यायला ती रक्कम आमच्याकडे उरत नाही, एवढंच सांगायचं आहे.

अपवाद करता येईल का, असं तुम्ही विचारलंत. लग्नसराईत असे मेसेज बरेच येतात आणि बहुतेकांची अडचण खरीच असते. कोणाची अडचण मोठी हे आम्ही ठरवायला बसलो, तर ज्याला चांगलं लिहिता येतं किंवा जो जोरात भांडतो त्याला पैसे मिळतील, आणि जो गप्प बसला त्याला मिळणार नाहीत. म्हणून सगळ्यांना तारीख एकच.

यात एक वेगळी बाजू आहे. ती तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते. साडीत दोष असेल, जरीची तार काळी पडली असेल, किंवा फोटोत दाखवलं ते आणि हातात आलं ते वेगळं असेल, तर ही दहा दिवसांची मुदत आम्ही लावत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणेही सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तुम्ही स्वतःच लिहिलंत की साडी सुंदर आहे, तक्रार काही नाही. तरीही एकदा दिवसाच्या उजेडात पदर आणि काठ उलटसुलट करून बघा. हातमागाच्या पैठणीत मागच्या बाजूलाही नक्षी जवळजवळ तशीच स्वच्छ दिसते, लोंबणारे धागे नसतात. काही वेगळं दिसलं तर फोटो पाठवा.

रिफंड नाही, पण बदलून घेण्याची मुदत तुमच्यासाठी अजून चालू आहे. ती ३० दिवसांची असते, म्हणजे तुम्हाला ३ डिसेंबरपर्यंत. हा तुमच्यासाठी काढलेला खास मार्ग नाही, आमच्या नियमातच आहे. कालच्या उत्तरात मात्र तो यायला हवा होता. अटी तीनच: साडी नेसलेली नसावी, फॉल-पिको केलेलं नसावं आणि टॅग जागेवर असावा. फॉल लावायला टाकली असेल तर आजच फोन करून थांबवा, बाकी सगळं नंतर बघू.

बदल पैठणीलाच पैठणी असा हवा असं नाही. तुमचे १८,५०० रुपये भरलेले आहेत. तेवढ्याचं दुकानातलं काहीही घेता येईल. साखरपुडा ७ डिसेंबरला आहे असं तुम्ही लिहिलंत, म्हणून सुचवते: मानपानाच्या साड्या अजून घ्यायच्या राहिल्या असतील तर या रकमेत इरकल, नारायणपेठ आणि सेमी पैठणी मिळून पाच-सहा सहज बसतील. लेकीलाच वेगळ्या रंगाची हवी असेल, तर मोरपंखी आणि वांगी रंगात याच मुनिया काठाच्या दोन आहेत, किंमत तीच. उरलेल्या रकमेची क्रेडिट नोट मिळते आणि ती सहा महिने चालते. ठाण्याहून साडी न्यायचा कुरिअर खर्च आमचा, नवीन माल पाठवायचे १८० रुपये तुमच्याकडे. ३ तारखेच्या आत फक्त कळवलं तरी पुरे, साडी नंतर पोचली तरी चालते. मात्र ७ च्या आधी माल हातात हवा असेल तर शनिवारपर्यंत सांगा. येवल्याहून ठाण्याला यायला दोन-तीन दिवस लागतात.

काहीच बदलायचं नसेल तर साडी मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवा, डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नका आणि दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून वेगळी घाला. एकाच घडीवर फार दिवस राहिली की जरीची तार तिथे तुटते.

हा निर्णय तुम्हाला मान्य नसेल तर याच ईमेलला उत्तर देताना विषयात 'तक्रार' एवढं लिहा. ते पत्र माझ्याकडे न येता थेट मालकांकडे जाईल, आणि ४८ तासांत पोच मिळेल. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे मराठीतही बोलता येतं. तुम्ही तिकडे गेलात म्हणून बदलून देण्याच्या कामात आमच्याकडून काही अडणार नाही.

मोरपंखी आणि वांगी, दोन्ही साड्यांचे फोटो सोबत जोडले आहेत. या दोन्ही मी शनिवार संध्याकाळपर्यंत तुमच्या नावाने बाजूला ठेवते. सकाळी अकरा ते रात्री आठ मी दुकानात असते. फोन केलात तर व्हिडिओ कॉलवर बाकीच्याही दाखवीन, लेकीलाही सोबत घ्या.

सासूबाईंना लवकर बरं वाटो, आणि साखरपुड्याच्या मनापासून शुभेच्छा.

आपली,
मेघना
ग्राहक सेवा, येवला
२७ नोव्हेंबर २०२५