विषय: टर्म पेपरसाठी १० नोव्हेंबरपर्यंत मुदतवाढ मिळण्याबाबत

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

मी एम.ए. इतिहास, द्वितीय वर्षाचा विद्यार्थी. 'कॉन्स्टंटाइन आणि आरंभीचे चर्च' हा माझा टर्म पेपर येत्या सोमवारी जमा करायचा आहे. त्यासाठी १० नोव्हेंबरपर्यंत मुदत द्यावी, ही विनंती.

परतीच्या पावसात आमचं काढून ठेवलेलं सोयाबीन भिजलं. वडिलांच्या पाठीला पट्टा आहे, त्यामुळे ताडपत्र्या उलटून शेंगा वाळवणं, मळणीयंत्राच्या मागे फिरणं हे सगळं माझ्याकडेच आलं. सध्या परतूर तालुक्यात गावीच आहे. आमच्याकडे थ्रेशरवाल्याची तारीख सरकारी तारखेपेक्षा अवघड!

छळाचा काळ आणि ३१३ चा मिलानचा निर्णय हे भाग लिहून झाले आहेत, सोबत जोडले आहेत. अडलंय ते ३१२ च्या लढाईपाशी. लॅक्टॅन्शियस म्हणतो, कॉन्स्टंटाइनला स्वप्नात आज्ञा झाली. युसेबियस कॉन्स्टंटाइनच्या चरित्रात भरदिवसा आकाशात दिसलेल्या प्रकाशाच्या क्रुसाबद्दल लिहितो. पण युसेबियसनेच आधी लिहिलेल्या चर्चच्या इतिहासात या दर्शनाचा उल्लेखच नाही. मला हे मौन दर्शनापेक्षा महत्त्वाचं वाटतं. घाईत दोन ओळींत उरकलं तर पेपरचा जीवच जाईल. शिवाय ३२५ च्या नायसिया परिषदेचा भाग बाकी आहे.

उशिराबद्दल गुण कापले तरी हरकत नाही, पण पेपर स्वीकारावा. गावात रेंज कमी असते. संध्याकाळी मेल नक्की बघतो.

आपला विद्यार्थी,
किशोर