सूचनापेटीत टाकलेल्या चिठ्ठीचे पुढे काय होते?
भाविकांसाठी व्यवस्थापन समितीचे निवेदन

सर्व भाविकांना सप्रेम नमस्कार.

सभामंडपात, चपला ठेवायच्या खणांच्या डाव्या हाताला सूचनापेटी आहे. तिच्यात चिठ्ठी टाकणारे पुष्कळ आहेत आणि ‘टाकून काय उपयोग, वाचतो कोण?’ असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. दुसऱ्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून पेटी कोण उघडते, चिठ्ठी कोणाच्या हाती जाते, उत्तर कधी आणि कुठे मिळते, हे समितीने ठरवून येथे लिहून दिले आहे. या पद्धतीप्रमाणे काम झाले नाही, तर हेच निवेदन दाखवून आम्हाला जाब विचारावा.

पेटीला दोन कुलपे आहेत. एकाची किल्ली कार्यालयात असते, दुसऱ्याची समितीत नसलेल्या एका भाविकाकडे. ही दुसरी किल्ली दर सहा महिन्यांनी नव्या माणसाकडे जाते. ती सध्या कोणाकडे आहे ते कार्यालयाच्या दारावर लिहिलेले असते. पेटी दर रविवारी सकाळच्या आरतीनंतर सभामंडपातच, सर्वांसमोर उघडली जाते. तेथे एक विश्वस्त, कार्यालयातील एक जण आणि किल्ली असलेले भाविक असे तिघे हजर असतात. विश्वस्त पाळीपाळीने बदलतात. नवरात्रात गर्दीमुळे सभामंडपात बसणे जमत नाही, म्हणून त्या नऊ दिवसांतला रविवार सोडून पेटी दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी उघडू.

चिठ्ठ्या तेथे मोठ्याने वाचल्या जात नाहीत. फक्त मोजल्या जातात, प्रत्येकीवर तारखेचा शिक्का पडतो आणि किती निघाल्या ते नोंदवहीत लिहून तिघे सह्या करतात. मजकूर नंतर कार्यालयात वाचला जातो. यामागे कारण आहे. काही चिठ्ठ्यांत माणसाच्या घरचे, मनाचे, कधी एखाद्या सेवेकऱ्याबद्दलचे असे काही असते की ते चारचौघांत वाचणे बरे नव्हे.

पेटीशेजारी छापील चिठ्ठ्यांचे पुडके ठेवले आहे. प्रत्येक चिठ्ठीवर क्रमांक आहे आणि खालच्या अरुंद पट्टीवर तोच क्रमांक पुन्हा छापलेला आहे. लिहून झाले की पट्टी फाडून जवळ ठेवा, बाकीची चिठ्ठी पेटीत टाका. उत्तरे त्या क्रमांकाने फलकावर लागतात. म्हणजे नाव न देताही आपल्या सूचनेचे काय झाले ते पाहता येते. साध्या कागदावर लिहून टाकलेली चिठ्ठीही घेतली जाते. तिला आम्ही नोंदवहीतला क्रमांक देतो आणि फलकावर क्रमांकासोबत विषयही थोडक्यात लिहितो, म्हणजे लिहिणाऱ्याला ओळखता येईल.

नाव आणि फोन नंबर देणे सक्तीचे नाही. दिला तर सात दिवसांत ‘चिठ्ठी मिळाली, अमुक क्रमांकाने नोंदली’ एवढा निरोप येईल. नाव फलकावर कधीच लागत नाही. नोंदवहीत ते वेगळ्या पानावर राहते आणि ते पान फक्त चिटणीस व अध्यक्ष पाहतात. देणगीसाठी, वर्गणीसाठी किंवा उत्सवाच्या निरोपांसाठी पेटीतले नंबर वापरले जाणार नाहीत.

आता चिठ्ठ्यांची वर्गवारी. वाचल्यावर त्यांचे चार ढीग होतात आणि पहिला ढीग नेहमीच सगळ्यात उपयोगी असतो. ‘दक्षिण दाराच्या तिसऱ्या पायरीवर अभिषेकाचे पाणी येऊन साचते, सकाळी पाय घसरतो’ अशी चिठ्ठी असेल तर तिच्यासाठी बैठक कशाला? त्याच दिवशी तेथे पाणी काढायला माणूस जातो आणि गवंड्याला उतार पाहायला बोलावले जाते. पंख्याचा आवाज, नळाची गळती, प्रसादाच्या रांगेत लहान मुले चेंगरणे, दर्शनरांगेत ज्येष्ठांना बसायला बाक नसणे, हे या ढिगातले. व्यवस्थापक आठवड्यात काम करतात आणि फलकावर ‘झाले’ असे लागते. वस्तू आणावी लागणार असेल तर ‘अमुक तारखेपर्यंत’ असे लागते. तारीख हुकली तर जुनी तारीख खोडत नाही, तिच्याखाली नवी लिहितो.

दुसरा ढीग बैठकीत जातो. खर्च मोठा असेल, वेळापत्रक बदलायचे असेल किंवा वर्षानुवर्षे चाललेली पद्धत बदलायची असेल, तर एकट्या व्यवस्थापकाने ठरवणे योग्य नाही. समितीची बैठक दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी असते. तिच्या आधीच्या रविवारपर्यंत आलेल्या चिठ्ठ्या त्या बैठकीत येतात, नंतरच्या पुढच्या महिन्यात. देवीला आलेल्या साड्यांचे काय होते, हा प्रश्न दरवर्षी येतो आणि पुन्हा येईल. त्याचे उत्तर हिशेबासकट द्यावे लागते, एका वाक्यात देणे बरोबर नाही. पूजाविधीसंबंधी सूचना असेल तर बैठकीआधी पुजाऱ्यांचे मत लेखी घेतले जाते. विधीचा निर्णय समितीने परस्पर फिरवायचा नसतो, तसाच भाविकांनी विचारलेला प्रश्न ‘हे आमच्या हातात नाही’ म्हणून पुजाऱ्यांकडे ढकलायचाही नसतो.

तिसऱ्या ढिगात आमच्या अधिकाराबाहेरच्या गोष्टी असतात. काकड आरतीला बाहेरचा ध्वनिक्षेपक लावा, अशी मागणी येते. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि आपली काकड आरती सहाच्या आधीच होते. तेव्हा मागणी कितीही मनापासून केलेली असली तरी उत्तर ‘नाही’ असेच राहील. मंदिराच्या मागची जागा विकून भक्तनिवास बांधा, अशीही सूचना येते. सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. अशा वेळी आम्ही ‘विचार करू’ असे म्हणणार नाही, नियम काय आहे ते लिहू. रस्त्यावरचे खड्डे, पथदिवे, वाहनांची कोंडी याबद्दलच्या चिठ्ठ्या समितीच्या पत्रासोबत संबंधित कचेरीत पाठवल्या जातात आणि त्या पत्राची तारीख फलकावर लागते. रस्ता आम्ही दुरुस्त करू शकत नाही, पाठपुरावा करू शकतो.

चौथा ढीग माणसांविरुद्धच्या तक्रारींचा. येथे समितीने सर्वांत जास्त वेळ चर्चा केली. सेवेकरी उर्मट बोलला, रांगेत ओळखीच्यांना पुढे घेतले, अभिषेकाला पावतीशिवाय पैसे मागितले, अशी तक्रार आली की ती पाकिटात बंद होते आणि फलकावर फक्त ‘मिळाली, चौकशी चालू’ एवढेच लागते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो ती चिठ्ठी हाताळत नाही. तक्रार व्यवस्थापकाबद्दल असेल तर चिटणीस पाहतात, चिटणिसांबद्दल असेल तर अध्यक्ष आणि अध्यक्षांबद्दल असेल तर उरलेले विश्वस्त एकत्र बसून पाहतात. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय ठपका नाही. निनावी तक्रार फेकून दिली जात नाही, पण दिवस, वेळ, ठिकाण दिलेले नसेल तर आम्हाला तपासायला काही उरत नाही. ‘तुमचे लोक नीट वागत नाहीत’ यापेक्षा ‘मंगळवारी संध्याकाळी, ओटी भरायच्या रांगेत, पाणपोईजवळ’ एवढे लिहिलेत तरी त्या दिवशी कोण कामावर होते ते आम्हाला हजेरीपटात सापडते.

एक कळकळीची विनंती. चोरी, हरवलेले मूल, कोणाला भोवळ येणे, महिलांशी किंवा मुलांशी कोणाचेही गैरवर्तन यांसाठी चिठ्ठी लिहून रविवारची वाट पाहू नका. तडक कार्यालयात या किंवा 112 वर फोन करा. अशी चिठ्ठी पेटीत निघाली तरी ती बैठकीपर्यंत थांबणार नाही, त्याच दिवशी अध्यक्षांकडे जाईल, आणि पोलिसांत जायचे असेल तर समितीचा माणूस सोबत येईल.

एकमेकांविरुद्ध सूचना आल्या तर? येतातच. एका चिठ्ठीत ‘गाभाऱ्यासमोर जास्त वेळ उभे राहू द्या’ आणि तिच्या खालच्याच चिठ्ठीत ‘लोक उभेच राहतात, रांग हलवा’. ज्या बाजूच्या चिठ्ठ्या जास्त तीच बाजू बरोबर, असे आम्ही मानत नाही. पेटी म्हणजे मतपेटी नव्हे. एकाच हस्ताक्षरातल्या दहा चिठ्ठ्या आल्या तरी ती एकच सूचना धरली जाईल. निर्णय कोणत्याही बाजूने झाला तरी दोन्ही क्रमांकांपुढे कारण लिहू.

उत्तर 30 दिवसांत फलकावर लागेल. फलक कार्यालयाच्या खिडकीशेजारी आहे, काच असलेला, आणि तो दर पंधरवड्याला बदलतो. उतरवलेले कागद फाईलमध्ये राहतात, कार्यालयाच्या वेळेत कोणीही मागून पाहू शकतो. ‘नाही’ हे उत्तर कारणाशिवाय दिले जाणार नाही. उत्तर पटले नाही तर त्याच क्रमांकाचा उल्लेख करून पुन्हा एकदा लिहा, त्या चिठ्ठीवर समितीची बैठक फेरविचार करेल. तरीही समाधान झाले नाही तर वार्षिक सभेत विचारता येईल. वर्षभरात किती चिठ्ठ्या आल्या, किती मार्गी लागल्या, किती पडून राहिल्या हे त्या सभेत हिशेबाबरोबरच वाचून दाखवले जाईल.

पेटीत सूचनांखेरीज आणखीही काही निघते. नवसाच्या चिठ्ठ्या निघतात. मुलीचे लग्न जमू दे, नातवाला नोकरी लागू दे, वडिलांचे ऑपरेशन नीट होऊ दे. पहिल्या ओळीत ते लक्षात आले की आम्ही पुढे वाचत नाही. घडी घालून चिठ्ठी देवीच्या पायाशी ठेवली जाते आणि नंतर निर्माल्याबरोबर जाते. तिची नोंदही होत नाही. नोटा निघतात. त्या सर्वांसमोर मोजून, नोंद करून दानपेटीत टाकल्या जातात. पण कोणी दिल्या ते कळत नसल्याने त्यांची पावती देता येत नाही, म्हणून देणगी कार्यालयातच द्यावी. उलट दानपेटी मोजताना तिच्यात सूचनेच्या चिठ्ठ्या सापडतात, त्या पुढच्या रविवारी इकडे येतात. तेवढा उशीर आमच्याकडून गृहीत धरावा, किंवा पेट्यांवरची पाटी एकदा वाचून घ्यावी.

ज्यांना लिहिता येत नाही किंवा दिसत नाही त्यांनी कार्यालयात तोंडी सांगावे. तेथे बसलेला कर्मचारी ते लिहून, वाचून दाखवून, पट्टी फाडून हातात देईल. कर्मचाऱ्याबद्दलच बोलायचे असेल तर रविवारी पेटी उघडायला आलेल्या विश्वस्तांना बाजूला घेऊन सांगावे.

चांगले झाले असेल तर तेही लिहा. अन्नछत्रात वाढणाऱ्या महिलांबद्दल कोणी चार शब्द लिहिले की ती चिठ्ठी आम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीला लावतो.

ही पद्धत येत्या रविवारपासून लागू होईल. त्याआधी आलेल्या आणि उत्तर न मिळालेल्या चिठ्ठ्यांना नवे क्रमांक देऊन त्यांची यादी पहिल्याच फलकावर लावली जाईल. पेटीजवळचे पेन दोरीने बांधलेले आहे. ते चालत नसेल तर कार्यालयाच्या खिडकीत मागावे.

आपले,
चिटणीस
मंदिर व्यवस्थापन समितीच्या वतीने