बिगर-कार्यकारी संचालकपदाचे नियुक्तिपत्र

निळाई रंगद्रव्ये लिमिटेड
नोंदणीकृत कार्यालय: वाशी, नवी मुंबई
कारखाना: तळोजा एमआयडीसी

दि. 12 नोव्हेंबर 2025

मा. श्रीमती कर्णिक,
ठाणे (पश्चिम)

सप्रेम नमस्कार.

काल, 11 नोव्हेंबर रोजी झालेल्या बैठकीत संचालक मंडळाने आपली अतिरिक्त संचालक म्हणून बिगर-कार्यकारी पदावर एकमताने नियुक्ती केली. आपण संमती दिलीत, याचा मला मनापासून आनंद आहे. बँकेत कर्जविभाग सांभाळताना आपण कारखानदारांचे ताळेबंद वर्षानुवर्षे बारकाईने तपासलेत. ती नजर आम्हाला आमच्या टेबलाच्या या बाजूला हवी होती.

मुदत. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 161 नुसार ही नियुक्ती पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंत राहील. त्या सभेत भागधारकांपुढे आपल्या नियमित नियुक्तीचा ठराव मांडू. तो मंजूर झाल्यावर आपले पद आळीपाळीने निवृत्त होणाऱ्या संचालकांमध्ये धरले जाईल. डीआयआर-2 मधील आपली संमती आणि डीआयआर-8 मधील घोषणा मिळाली आहे. डीआयआर-12 कंपनी सचिव 30 दिवसांच्या आत दाखल करतील.

आपण स्वतंत्र संचालक नाही, हे येथेच स्पष्ट करतो. आपले यजमान भागीदार असलेली ट्रान्सपोर्ट फर्म जेएनपीटीहून आमचा कच्चा माल तळोज्याला आणते. त्यामुळे ती फर्म आजपासून कंपनीची संबंधित पक्ष ठरते. पुढच्या बैठकीत एमबीपी-1 मध्ये याची नोंद द्यावी आणि नंतर दर आर्थिक वर्षाच्या पहिल्या बैठकीत ती नव्याने द्यावी. वाहतुकीचे दर, मुदतवाढ किंवा बिलांवरचा वाद चर्चेला आला की आपण त्या विषयापुरते बैठकीबाहेर जावे, मतदानात भाग घेऊ नये आणि तशी नोंद इतिवृत्तात घ्यायला लावावी. घरी या विषयावर बोलणे टाळावे, अशी माझी विनंती आहे. दोन्ही बाजूंना अवघड होईल, याची मला कल्पना आहे. म्हणूनच ही गोष्ट लेखी मांडतो आहे.

कर्तव्ये. कलम 166 प्रत्येक संचालकाला लागू आहे, मग तो रोज कारखान्यात असो वा तीन महिन्यांतून एकदा येवो. कंपनीच्या नियमावलीप्रमाणे वागणे, सद्भावनेने काम करणे, पुरेशी काळजी व कौशल्य वापरून स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेणे, हितसंबंधांचा संघर्ष टाळणे आणि स्वतःसाठी वा नातेवाइकांसाठी गैरलाभ न घेणे, ही ती कर्तव्ये. भंग झाल्यास एक लाख ते पाच लाख रुपयांपर्यंत दंड आहे. हेच कलम संचालकाला भागधारकांबरोबर कामगार, समाज आणि पर्यावरण यांचेही हित पाहायला सांगते.

आमच्या धंद्यात याचा अर्थ फार ठोस आहे. कासाडी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला, आणि आम्ही त्याच वसाहतीत रंग बनवतो. म्हणून वर्षातून दोनदा तरी आपण तळोज्याला यावे, त्यातली एक भेट आगाऊ न कळवता. सांडपाणी प्रक्रिया केंद्रावरची नोंदवही स्वतः उघडून पाहा. रात्रपाळीचे सगळे आकडे एकाच शाईत, एका बसण्यात लिहिल्यासारखे दिसले तर तिथल्या ऑपरेटरला नव्हे, व्यवस्थापकीय संचालकांना मंडळाच्या बैठकीत विचारा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातील अटींची आणि त्यांच्या पूर्ततेची स्थिती दर तिमाहीला आपल्यापुढे येईल. ती आली नाही, तर मागून घ्यावी.

बँकांचे कर्ज 50 कोटींच्या वर असल्याने आपल्याकडे लेखापरीक्षण समिती आणि तक्रारदारांना संरक्षण देणारी व्यवस्था आहे. दोन स्वतंत्र संचालकांबरोबर आपण या समितीच्या तिसऱ्या सदस्य असाल. सहा महिन्यांहून जुनी येणी, न खपलेला साठा आणि संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार, या तिन्हींवर आपण विशेष लक्ष द्यावे. वाहतूक फर्मचा विषय निघाला, तर वरील नियम समितीतही लागू राहील.

वेळ. वर्षाला मंडळाच्या पाच आणि समितीच्या चार बैठका होतात. दोन बैठकांमध्ये 120 दिवसांहून जास्त अंतर राहत नाही. वाचन, भेटी आणि अधूनमधूनचे फोन धरून वर्षाला साधारण 20 दिवस लागतील. एखाद्या अपघाताच्या किंवा मोठ्या कर्जाच्या वेळी याहून जास्त. कागदपत्रे सात दिवस आधी मिळतील. उशिरा आली, तर विषय पुढे ढकलायला आपण निःसंकोच सांगावे, मी तुम्हाला पाठिंबा देईन. व्हिडिओद्वारे हजर राहता येते, पण वार्षिक हिशेब मंजूर करण्याच्या बैठकीला वाशीला प्रत्यक्ष यावे, अशी अपेक्षा आहे. सलग बारा महिन्यांतील एकाही बैठकीला हजर न राहिल्यास, रजा घेतलेली असली तरी, कलम 167 नुसार पद आपोआप रिकामे होते.

मानधन. मंडळाच्या प्रत्येक बैठकीसाठी ₹40,000 आणि समितीच्या बैठकीसाठी ₹25,000 सिटिंग फी, करकपातीसह. कायद्याची मर्यादा बैठकीमागे ₹1,00,000 आहे. प्रवासखर्च बिलानुसार. पगार, शेअर-पर्याय किंवा कंपनीकडून कर्ज मिळणार नाही. संचालक-दायित्व विम्यात आपले नाव घेतले जाईल.

वर्तन. मंडळाचे कागद फक्त कंपनीने दिलेल्या ॲपवर वाचावेत, व्हॉट्सॲपवर पुढे पाठवू नयेत. पत्रकार, बँका किंवा वसाहतीतले इतर कारखानदार यांच्याशी कंपनीबद्दल बोलायचे असल्यास आधी माझ्याशी बोलावे. पुरवठादारांकडून दिवाळीची मिठाई चालेल, त्याहून मोठे काही आले तर परत पाठवून कंपनी सचिवांना कळवावे. माहितीसाठी कोणत्याही अधिकाऱ्याला भेटता येईल, मात्र हुकूम देऊ नयेत. कारखाना चालवण्याची जबाबदारी व्यवस्थापकीय संचालकांची आहे.

मतभेद झाला तर तो उघड बोलावा. गप्प बसून केलेली सही मला नको आहे. कलम 149(12) प्रमाणे बिगर-कार्यकारी संचालक त्या चुकांना जबाबदार धरला जातो, ज्या मंडळाच्या कामकाजातून त्याला माहीत होत्या आणि ज्यांना त्याची संमती वा संगनमत होते, किंवा जिथे त्याने पुरेशी दक्षता घेतली नाही. म्हणून विरोध असेल तर तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. मसुदा 15 दिवसांत येईल. आपल्या शब्दांत बदल झाला असेल तर सात दिवसांत लेखी कळवावे. बाहेरच्या वकिलाचा वा लेखापालाचा सल्ला हवा असल्यास मला कळवून, वर्षाला ₹1,50,000 पर्यंत, कंपनीच्या खर्चाने घ्यावा.

पद सोडणे. लेखी राजीनामा कंपनीला मिळाल्याच्या किंवा त्यात नमूद केलेल्या, यांपैकी नंतरच्या तारखेपासून तो लागू होतो. कारणे खरी लिहावीत. मंडळापुढे ती जशीच्या तशी वाचली जातील. कार्यकाळात घडलेल्या गोष्टींची जबाबदारी पद सोडल्यावरही राहते, आणि गोपनीयताही.

21 नोव्हेंबरला सकाळी साडेनऊ वाजता ठाण्याहून गाडी पाठवतो. आधी कारखाना पाहू, दुपारी वाशीत मागील तीन वर्षांचे हिशेब घेऊन बसू. लेखापरीक्षकही असतील.

आपला,
प्रभुदेसाई
अध्यक्ष, संचालक मंडळ

स्वीकृती
वरील पत्र मी संपूर्ण वाचले. अटी मला मान्य आहेत. यजमानांच्या फर्मसंबंधीची माहिती खरी व पूर्ण आहे. तिच्यात बदल झाल्यास तत्काळ कळवेन.

श्रीमती कर्णिक
ठाणे, 14 नोव्हेंबर 2025