एकटीचा रविवार: आजचे सगळे कॅप्शन

आज कुणाला वेळ आहे का म्हणून ग्रुपवर विचारलंच नाही. मला वेळ आहे, बास झालं की.

(तेलाची वाटी, खिडकीत पाऊस)
खोबरेल कोमट करून डोक्यात जिरवलंय, पंचा गुंडाळून बसलेय, बाहेर पाऊस पडालाय आणि फोन सायलेंटवर. अर्जंट असेल तर दुपारी सांगा, दुपारी पण अर्जंट असलं तर उद्या.

बाथरूमचं दार वाजवायला आज कुणी नाही. शिकेकाई, गरम पाणी आणि आवाज सोडून गाणं. शेजारच्या काकूंनी ऐकलं असेल तर सॉरी हां काकू 😄

(काँग्रेस रोड, छत्री)
१९२४ साली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष झाले ते आयुष्यात तेवढं एकदाच. त्याच रस्त्यावर आज माझं पण अधिवेशन भरलंय, अध्यक्ष मी, सभासद मी, आणि पहिला ठराव एकमतानं पास: आज स्वयंपाक नाही.

टिळकवाडीत पेडिक्युअर. पार्लरवाली म्हणाली लग्नबिग्न आहे काय घरात? म्हटलं नाही गं, रविवार आहे. ती हसली आणि टाचा जरा जास्तच घासून दिल्या.

(किल्ला, कमल बसदी)
ग्रुपनं आलं की दहा मिनिटांत सेल्फी काढून "चला चला" होतं. आज छताच्या दगडी कमळाखाली मान दुखेपर्यंत उभी राहिले, पाकळीच्या आत पाकळी, १२०४ सालचं काम, आणि मागून घाई करायला कुणी नाही. फोटो एकच काढलाय, तो पण तिरका आलाय, चालतंय.

शहापूरच्या खडे बाजारात साडी घेतली. "कुणासाठी?" असं दुकानदारांनी विचारलं. समोर उभी आहे की ओ!

साडी कुठल्या फंक्शनला नेसणार? मंगळवारी. मंगळवार हे फंक्शन आहे.

(ताट, वरून काढलेला फोटो, हाच मेन पोस्टला)
खानावळीत शिरल्या शिरल्या पोऱ्यानं विचारलं "एष्टु मंदि री?", मी म्हटलं "ओब्बाकी री", त्यानं एकदा दाराकडं बघितलं, मागून कोण येतंय काय म्हणून, आणि मग पंख्याखालचं चार जणांचं टेबल पुसून दिलं. ज्वारीची भाकरी तव्यावरनं थेट ताटात, फुगलेली, बोटानं फोडली की वाफ चष्म्यावर. भरलं वांगं देठासकट, तेल सुटलेलं, शेंगाचटणीवर दही ओतलेलं, कांदा बुक्कीनं फोडलेला. मसाल्यातलं मधलं वांगं कुणाला वाढायचं नव्हतं, शेवटची भाकरी अर्धी अर्धी करायची नव्हती, "तू खा, मला नको" असलं खोटं बोलायचं नव्हतं. जेवण एवढ्या लक्ष देऊन किती दिवसांनी केलं काय माहीत.

छोटं हवं असेल तर हे:
टेबल चौघांचं, भाकरी तीन, खाणारी एक. हिशेब बरोबर आहे.

किंवा हे:
"एकटीच आलाय?" होय ओ, आणि कंपनी एकदम मस्त आहे.

पलीकडच्या टेबलावरच्या आजी सारख्या बघालेल्या, मला वाटलं आता विचारतील नवरा कुठाय म्हणून. उठताना जवळ येऊन म्हणाल्या, "बाळ, वांगं चांगलं होतं न्हवं?" एवढंच. आजी, लई चांगलं होतं.

(आरशासमोर, जुना कुर्ता, केस मोकळे)
आज कुणासाठी नटले नाही, तरी तीनदा आरशात बघितलं. छान दिसालेय असं मीच मला सांगितलं आणि लगेच पटलं पण.

बहिणीसाठी स्पेशल, टॅग करणार आहे:
ताई, "एकटीनं हॉटेलात जेवायला लाज नाही वाटत?" म्हणाली होतीस ना, पहिल्या पाच मिनिटांत वाटली, खोटं कशाला बोलू, मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसले होते. मग भाकरी आली आणि लाज गार व्हायला ठेवून दिली. पुढच्या रविवारी तू पण जा, माझ्यासोबत नको, एकटी जा. पोरांना भावजी बघतील की, त्यांची पण आहेत ती.

(कुंद्याचा डबा)
दूध तासन्‌तास आटवून, खरपूस होईपर्यंत ढवळून केलेला कुंदा, पाव किलो. पाहुण्यांसाठी नेहमी बांधून घेते, आज पाहुणी मीच. चमचा एकच लागेल.

पाव किलोतला किती उरलाय असं कमेंटमध्ये विचारू नका.

उद्या ऑफिसात आणेन म्हटलं होतं, तो डबा आता रिकामा आहे. दुकान सकाळी उघडतं, ज्याला पाहिजे त्यानं आपापला घ्यावा 😌