मुहूर्ताचा पोशाख: राणी फेटा, मोतिया कुर्ता

नवरदेवाचा कुर्ता मोतिया रंगाच्या रॉ सिल्कचा, गुडघ्याखाली चार बोटं. गळपट्टीवर बारीक जरदोसी, बस्स. नजर फेट्यावर जायला हवी ना! फेटा राणी रंगाचा, जरीकाठी, सुमारे ८ मीटरचा: कपाळावर तिरके पीळ एकावर एक, वर ताठ तुरा आणि पाठीवर कमरेपर्यंत रुळणारा शेमला. धोतर पांढऱ्या रेशमाचं, ५ वार, काठ राणी. समोर निऱ्या खोचलेल्या, दुसरं टोक पायांमधून मागे नेऊन घट्ट काष्टा. रेशीम घसरतं, म्हणून कमरेला सुती नाडी बांधलीय. सप्तपदीत धोतर सावरत चालणारा नवरदेव बरा दिसत नाही. खांद्यावर फेट्याच्याच रंगाचं उपरणं.