विषय : पगार-नोंदींच्या बॅकअपमधून झालेली डेटाचोरी, त्याबद्दल क्षमायाचना आणि पुढील कार्यवाही

दिनांक : १७ मार्च २०२५

प्रति,
आमचे सर्व आजी-माजी ग्राहक

सप्रेम नमस्कार,

तुमच्या कर्मचाऱ्यांच्या पगाराची माहिती आमच्या ताब्यातून चोरीला गेली आहे. ती सांभाळण्याची जबाबदारी आमची होती आणि ती आम्ही पार पाडू शकलो नाही. याबद्दल कंपनीच्या वतीने मी तुमची आणि तुमच्या प्रत्येक कर्मचाऱ्याची माफी मागतो.

मंगळवारी, ११ मार्चला सकाळी आमच्या यंत्रणा विभागाला क्लाउड स्टोरेजच्या नोंदींमध्ये रात्रीच्या वेळी झालेली मोठी डाउनलोड दिसली. ज्या इंटरनेट-पत्त्यावरून ती झाली होती, तो आमच्यापैकी कोणाचाच नव्हता. तासाभरात त्यासाठी वापरलेली अ‍ॅक्सेस की, म्हणजे स्टोरेज उघडणारा गुप्त संकेत, बंद करण्यात आली. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या तपासतज्ज्ञांना बोलावून सर्व नोंदींच्या प्रती त्यांच्या हवाली केल्या. ८ मार्चच्या रात्रीपासून १० मार्चच्या पहाटेपर्यंत तीन टप्प्यांत बॅकअपच्या फायली उतरवून घेतल्या गेल्या, असे त्यांच्या तपासात दिसते.

ही की आम्हीच दिली होती. गेल्या वर्षी जुन्या सर्व्हरवरचा डेटा क्लाउडवर हलवण्याचे काम एका कंत्राटदाराकडे होते आणि त्यासाठी त्याला ती दिली होती. काम संपले त्याच दिवशी ती रद्द व्हायला हवी होती, पण झाली नाही. शिवाय तिला फक्त हव्या त्या फोल्डरपुरती परवानगी न देता संपूर्ण बॅकअप वाचण्याची मुभा दिली होती. ती चोरट्यांच्या हाती कशी लागली याचा तपास चालू आहे. मात्र दोष कंत्राटदारावर ढकलण्याचा आमचा विचार नाही. की देणे आणि परत घेणे, दोन्ही आमच्याच हातात होते.

चोरीला गेलेल्या फायलींमध्ये ४१२ ग्राहक-संस्थांच्या सुमारे ९,३०० कर्मचाऱ्यांची नावे, पत्ते, मोबाइल क्रमांक, ईमेल, जन्मतारखा, बँक खाते क्रमांक आणि एप्रिल २०२३ ते डिसेंबर २०२४ या काळातल्या पगारपावत्या आहेत. यात आमची सेवा केव्हाच सोडून गेलेल्या काही संस्थाही आहेत. त्यांचा डेटा आमच्याकडे उरायलाच नको होता. करार संपल्यावर चालू प्रणालीतून तो काढला गेला, बॅकअपमध्ये मात्र तसाच पडून राहिला.

बँकेचे पिन, ओटीपी किंवा कार्डांचे तपशील आम्ही कधीच घेत नाही, त्यामुळे ते गेलेले नाहीत. आमच्या पोर्टलचे पासवर्ड त्या फायलींत होते, पण हॅश केलेल्या स्वरूपात. हॅशवरून मूळ पासवर्ड थेट काढता येत नाही. तरी सोपा पासवर्ड असेल, तर हजारो शब्द लावून पाहत तो ओळखता येतो. म्हणून सर्वांचे पासवर्ड आम्ही १२ मार्चला रद्द केले. तोच पासवर्ड तुम्ही किंवा तुमच्या लेखा विभागाने इतरत्र वापरला असेल, तर तिथेही तो आजच बदलावा.

‘बॅकअप एन्क्रिप्टेड होता’ असे सांगून आम्हाला तुमची समजूत घालता आली असती. तो होताही. पण योग्य की घेऊन येणाऱ्याला स्टोरेज यंत्रणा डेटा आपोआप उलगडून देते. या चोरीत त्या एन्क्रिप्शनचा काडीचाही उपयोग झालेला नाही.

हा डेटा कुठे विकला किंवा टाकला गेल्याचे आजपर्यंत आढळलेले नाही, आणि आमच्याकडे कोणी खंडणीही मागितलेली नाही. यावरून निर्धास्त मात्र राहू नये. आमच्याकडे स्टोरेजच्या नोंदी फक्त ९० दिवसांच्याच असतात आणि ती की त्याहून जुनी आहे. त्याआधी कोणी आत येऊन गेले नाही, असे ठामपणे सांगण्याचा पुरावा आमच्यापाशी नाही. म्हणून त्या बॅकअपमधली प्रत्येक नोंद उघड झाली आहे, असेच धरून आम्ही चाललो आहोत. तुम्हीही तसेच धरावे.

खरा धोका पुढच्या काही आठवड्यांत आहे. ज्याच्या हाती पगारपावती आहे, तो फोनवर अगदी खात्रीने बोलू शकतो : नाव बरोबर, रक्कम बरोबर, खात्याचे शेवटचे आकडे बरोबर. अशा फोनवर ओटीपी मागितला गेला, तर तो देऊ नये, हे प्रत्येक कर्मचाऱ्याला सांगावे. आणखी एक प्रकार तुमच्या लेखा विभागाने विशेष ध्यानात ठेवावा. कर्मचाऱ्याच्या नावाने ईमेल येतो, ‘माझे खाते बदलले आहे, या महिन्याचा पगार नव्या खात्यात टाका’, आणि पगार परस्पर चोराच्या खात्यात जातो. असा बदल त्या व्यक्तीशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय मान्य करू नये. आमच्या बाजूने, खातेबदलाची प्रत्येक विनंती आता तुमच्या नोंदणीकृत क्रमांकावर फोन करून पडताळली जाईल आणि दोन कामकाजाचे दिवस थांबूनच लागू होईल. मार्चचे पगार ठरल्याप्रमाणे २८ तारखेलाच होतील. फक्त खातेबदल असतील, तर ते २५ तारखेपर्यंत कळवावेत.

सायबर पोलिसांना आम्ही १३ मार्चला कळवले आहे. तुमच्या संस्थेतल्या कोणाकोणाची कोणती माहिती गेली, याची यादी शुक्रवारी, २१ मार्चला पोर्टलवर तुमच्या खात्यात मिळेल. सोबत कर्मचाऱ्यांना द्यायच्या सूचनेचा मसुदा असेल. तो हवा तसा बदलून घ्यावा. माजी ग्राहकांचे पोर्टल बंद असल्याने त्यांना यादी सीलबंद टपालाने पाठवत आहोत.

सर्व जुन्या की रद्द झाल्या आहेत. नव्या की ठराविक मुदतीनंतर आपोआप निकामी होतील आणि प्रत्येकीला नेमक्या कामापुरतीच परवानगी असेल. नोंदी यापुढे वर्षभर जपल्या जातील. माजी ग्राहकांचा डेटा बॅकअपमधूनही काढण्याचे काम तपासतज्ज्ञांनी पुराव्याची प्रत घेतल्यावर सुरू होईल आणि १५ एप्रिलपर्यंत पूर्ण होईल. तपासाचा अंतिम अहवाल आमच्या चुकांसकट तुम्हाला पाठवू.

हे पत्र यायला सहा दिवस का लागले, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. कोणाची माहिती गेली हे आम्हाला १५ तारखेला नक्की कळले, पण चोरी झाल्याचे ११ तारखेलाच ठाऊक होते. पूर्ण चित्र हाती येईपर्यंत थांबण्याचा निर्णय माझा होता आणि तो चुकला. त्या चार दिवसांत तुम्ही निदान सावध तरी राहिला असता.

या पत्रात मुद्दाम एकही लिंक दिलेली नाही. आमच्या नावाने ‘डेटाचोरीची भरपाई’ किंवा ‘खाते पडताळणी’ अशी लिंक आली, तर ती आमची नाही असे समजावे. बोलायचे असल्यास आमच्या जुन्या बिलावर छापलेल्या क्रमांकावर फोन करावा. सकाळी ८ ते रात्री ९ या वेळेत, सुट्टीच्या दिवशीही, तिथे माहीतगार माणूस असेल. या चोरीमुळे तुमचे किंवा कर्मचाऱ्याचे आर्थिक नुकसान झाले, तर त्याच क्रमांकावर कळवावे. त्या दाव्यांची छाननी मी स्वतः करणार आहे.

आमच्यासोबत राहायचे नाही असे तुम्ही ठरवलेत, तर कराराची उरलेली मुदत किंवा नोटीस आड येणार नाही. तुमचा संपूर्ण डेटा दुसऱ्या प्रणालीत सहज चढवता येईल अशा स्वरूपात सात दिवसांत देऊ आणि आमच्याकडची प्रत नष्ट केल्याचे लेखी प्रमाणपत्रही देऊ.

आपला,
व्यवस्थापकीय संचालक